मदत हवी आहे: संघाच्या फोटोत राहिलेला मुलगा मागच्या रांगेत उभा करायचा आहे

मैदानवाली
शाळेच्या व्हॉलीबॉल संघाचा फोटो काढला त्या दिवशी एक मुलगा तापाने घरी होता. फोटो मोठा छापून भिंतीवर लावायचा आहे आणि शुक्रवारी फाइल द्यायची आहे. त्या मुलाचा वेगळा फोटो काढला, कापला आणि मागच्या रांगेत उजव्या टोकाला ठेवला, पण बघताक्षणी चिकटवलेला वाटतो. डोकं मोठं दिसतं, आणि डोक्याच्या मापाने लहान केला तर खांदे आखडतात. रंगही जुळत नाही. Photoshop वापरते. काल तीन तास यातच गेले. काय चुकतंय? लवकर सांगा.

चौकट
फोटो दिसल्याशिवाय सांगणं अवघड आहे, म्हणून आधी काही विचारतो. मूळ फाइल किती पिक्सेलची आहे? मागची रांग जमिनीवर उभी आहे की कशावर? मुलाचा फोटो कोणी, किती अंतरावरून, कशाने काढला?

सुरमई
एवढं कशाला? `Image > Adjustments > Match Color` मध्ये जाऊन संघाचा फोटो स्रोत म्हणून निवडा, रंग एका क्लिकमध्ये जुळतो. मी कायम हेच करते. उजेड उलट्या बाजूने आला असेल तर मुलाला आडवं उलटवा, झालं काम.

जुनापिंपळ
माझं ऐका, हा खटाटोपच करू नका. आमच्या काळी गैरहजर मुलाचा फोटो वरच्या कोपऱ्यात लंबगोलात लावत आणि खाली नाव लिहीत. त्यात खोटेपणा नसे आणि मुलाचा चेहराही मोठा दिसे.

मैदानवाली
@जुनापिंपळ काका, लंबगोल नको, तो मुलगा म्हणाला मला सगळ्यांच्यात उभं राहायचंय. त्याच्या घरच्यांना आणि बाकी मुलांना विचारून करतेय.
@सुरमई उलटवून पाहिलं. जर्सीवरचा ७ उलटा झाला.
@चौकट मला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता, १६०० x १०६६. मुलाचा मी मोबाइलवर काढला, चारपाच फुटांवरून. रांग बाकावर आहे, ते तर दिसतंच फोटोत.

चौकट
आम्हाला दिसत नाही ना ताई :) व्हॉट्सअ‍ॅपची फाइल बाजूला ठेवा, ज्यांनी फोटो काढला त्यांच्याकडून मूळ फाइल मागवा. आणि हे कळवा: शेजारच्या मुलाची उंची, आपल्या मुलाची उंची, बाकाची उंची, आणि बाकाची कड फोटोत कुठे दिसते का.

धूळपाटी
माझंही असंच आहे. आमच्या सहलीच्या फोटोत एक अनोळखी माणूस मागे आलाय, तो काढायचा आहे. त्याच्या मागे झाड आहे. कसं करू?

सुरमई
@धूळपाटी त्याच्याभोवती सैलसर सिलेक्शन करा, मग `Edit > Content-Aware Fill`. झाडाच्या पानांत सहज खपतं.

मैदानवाली
मूळ फाइल आली. ६००० x ४०००, ३५ मिमी लेन्स, कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा. काढणारे म्हणाले, काटछाट केलेली नाही. शेजारचा मुलगा १६० सेंमी, आपला १५२. बाक ४० सेंमी. पुढच्या खुर्च्यांच्या फटीतून बाकाची वरची कड दिसते.

चौकट
आता बोलता येईल. Photoshop मध्ये `Info` पॅनल उघडा आणि बाकाच्या कडेवर व शेजाऱ्याच्या डोक्यावर माउस नेऊन उभा आकडा वाचा.

मैदानवाली
कड ३१५०, डोकं ७५०.

चौकट
म्हणजे १६० सेंमीला २४०० पिक्सेल, एका सेंटिमीटरला १५. आपला मुलगा १५२ चा, त्याचे झाले २२८०. त्याच्या डोक्याचं टोक ८७० वर यायला हवं, शेजाऱ्यापेक्षा १२० पिक्सेल खाली. डोक्याच्या आकारावरून माप घेऊ नका. आठ सेंटिमीटरच्या फरकाने उंची बदलते, डोकं जवळजवळ तेवढंच राहतं.

पण तुमचा फोटो या मापात बसवला तरी तो चिकटवलेलाच दिसेल, आणि खरं दुखणं तिथे आहे. सहा हजार पिक्सेलमध्ये चार मीटर रुंदी मावली आहे. ३५ मिमी लेन्सने एवढी रुंदी साधारण सहा मीटरवरून येते. तुम्ही दीड मीटरवर उभ्या होतात, फोन तुमच्या डोळ्यांपाशी, म्हणजे त्याचं डोकं छातीपेक्षा आणि पायांपेक्षा फोनला बरंच जवळ. म्हणून डोकं मोठं आलं. फाइल लहानमोठी करून हे जात नाही.

आता दोन्ही फोटोंत छातीवरचा आडवा पट्टा मोठा करून बघा. मागच्या रांगेतल्यांचा पट्टा मधे किंचित वर उचललेला असेल, तुमच्या मुलाचा मधे खाली लोंबत असेल.

मैदानवाली
अगदी तसंच आहे! रांगेतल्यांचा कमानीसारखा, याचा झोळीसारखा. हे तीन तास बघत होते आणि दिसलं नव्हतं.

चौकट
कारण रांगेतल्यांची छाती लेन्सच्या वर होती, तुमच्या मुलाची खाली. भिंतीच्या उभ्या कडा फोटोत एकमेकींना समांतर आहेत का? असतील तर कॅमेरा वरखाली कललेला नव्हता, आणि काटछाट नसल्यामुळे लेन्सची उंची बरोबर मधल्या ओळीवर, २००० वर. तिथून बाकाची कड ११५० पिक्सेल खाली, म्हणजे सुमारे ७७ सेंमी. मुलांच्या तळव्यांपासून तेवढ्याच उंचीवरून ती रांग टिपली गेली आहे. बाक धरला तर लेन्स जमिनीपासून ११७ सेंमीवर होती.

म्हणून फोटो पुन्हा काढा. अंतर सहा मीटर, तोच बाक.

मैदानवाली
कडा समांतर आहेत. बाक मात्र आता मिळणार नाही, परीक्षेसाठी नेलेत.

चौकट
मग मुलगा जमिनीवर आणि लेन्स ७७ सेंमीवर. तळव्यांपासून लेन्स किती वर एवढंच महत्त्वाचं.

सुरमई
सहा मीटरवरून फोनने काढला तर मुलगा मुंगीएवढा येईल. फोनच्या मुख्य लेन्सला सेंटिमीटरला पाच पिक्सेलही मिळणार नाहीत, हवेत पंधरा. जवळूनच काढावा लागेल. नाहीतर सरळ संघातल्याच सारख्या अंगाच्या मुलाचं धड दुसऱ्या फ्रेममधून घ्या आणि फक्त डोकं याचं लावा. उजेड, उंची, पोशाख सगळं आयतं जुळेल.

चौकट
पिक्सेलचं बरोबर आहे, उपाय नाही. जवळ गेलात की पुन्हा तेच मोठं डोकं. ३५ मिमीवर लावता येईल असा, एपीएस-सी सेन्सरचाच कॅमेरा उसना घ्या. धड उसनं घेण्याची कल्पना मात्र वाईट नाही, बऱ्याचदा तीच सर्वांत सोपी असते. मानेपाशी कातडीचा रंग जुळवावा लागतो, आणि क्रमांक बदलावा लागतो.

मैदानवाली
धड चालणार नाही. तो लिबेरो आहे, त्याची जर्सी पिवळी. बाकी सगळे गडद निळे.

सुरमई
हे आधी सांगायचं ना! म्हणून `Match Color` ने पिवळ्यात निळं ओतलं असणार.

मैदानवाली
लिबेरोची जर्सी वेगळ्या रंगाची असते हे सगळ्यांना माहीत असतं, असं वाटलं मला.

चौकट
काही बिघडलं नाही. पिवळ्याला जोडीदार नाही, पण पांढरा पट्टा दोन्ही जर्सींवर आहे ना? तोच धरा. शेजाऱ्याच्या पट्ट्यावर उजेडाच्या बाजूला एक नमुना घ्या, आपल्या मुलाच्या पट्ट्यावर त्याच बाजूला दुसरा. `Color Sampler` ला ५ बाय ५ सरासरीवर ठेवा. मग मुलाच्या थरावर `Curves` लावून लाल, हिरवा, निळा एकेक करून जुळवा. पट्टा जुळला की पिवळा आणि कातडी मागोमाग येतात, कारण तिन्हींवर उजेड एकच पडलेला असतो. चेहऱ्यावरून सुरुवात केलीत तर फसाल, प्रत्येकाची कातडी वेगळी.

काढताना एक करा: त्या शेजारच्या मुलालाही बोलवा आणि दोघांना तसेच शेजारी उभे करा. मूळ फोटोतली मुलं मधे वळलेली आहेत का? हात कुठे आहेत?

मैदानवाली
हो, सगळी मधे वळलेली, हात पाठीमागे. माझ्या फोटोत याचे हात खाली सोडलेले होते. खांदे त्यामुळेही वेगळे दिसत असतील.

चौकट
नक्कीच. हात मागे बांधले की छाती पुढे येते, खांदे मागे जातात. तुमचा मुलगा उजव्या टोकाला आहे, तर त्याचा आतला खांदा शेजाऱ्याच्या पुढे आलेल्या खांद्यामागे जाईल. शेजारी प्रत्यक्ष उभा असला की हे आपोआप होतं, आणि खरी सावलीही मिळते. शिवाय तो तुमची मोजपट्टी आहे. नव्या फोटोत तो २४०० पिक्सेल आला तर अंतर बरोबर.

दोघांना मधल्या रेषेपासून उजवीकडे, मूळ जागी ठेवा आणि कॅमेरा त्यांच्याकडे वळवू नका, सरळ समोरच राहू द्या. वेळ सकाळची तीच, सावलीही तीच.

जुनापिंपळ
पण मग टोकाला एक वाढला की गुरुजी मधे राहत नाहीत. संघाच्या फोटोत मध्य चुकला की माझ्या डोळ्याला खुपतो. मुलाला मधे कुठेतरी घ्या.

चौकट
मधे घ्यायचा तर अर्धी रांग कापून सरकवावी लागेल आणि पुढच्या खुर्च्यांशी मेळ तुटेल. मी टोकालाच ठेवेन.

जुनापिंपळ
पटलं नाही. असो.

मैदानवाली
(दोन दिवसांनी) सहकाऱ्याचा कॅमेरा घेतला, १८-५५ ची लेन्स ३५ वर. टेपने सहा मीटर मोजले, कॅमेरा तिपाईवर ७७ ला. शेजारचा मुलगा २३७० आला, म्हणून सुमारे आठ सेंटिमीटर पुढे सरकले, मग २४००. पट्टा कमानीसारखा आला तेव्हा फार बरं वाटलं. पांढऱ्याचे आकडे मूळ फोटोत २२६, २२१, २१० होते, माझ्याकडे २१९, २२०, २१६. थोडंच करावं लागलं.

आपला मुलगा शेजाऱ्याच्या थराखाली ठेवला. पुढच्या रांगेतली दोन डोकी वेगळ्या थरावर काढून सर्वांत वर ठेवली. उजवीकडे कॅनव्हास ४०० पिक्सेल वाढवला, भिंत साधीच आहे. डोकं ८८५ वर येतंय, ८७० वर नाही. तो किंचित वाकून उभा होता. ओढून वर घेऊ का?

चौकट
नको. १५ पिक्सेल म्हणजे एक सेंटिमीटर. उभा राहिला तसा राहू दे. आता १०० टक्क्यांवर दोघांच्या गालांवरचे कण बघा. याचा गाल जास्त गुळगुळीत असेल तर `Filter > Noise > Add Noise` थोडं, `Monochromatic` वर खूण करून. आणि नव्या फोटोत शेजाऱ्याच्या दंडावर पिवळी झाक आली आहे का?

मैदानवाली
आहे! जर्सीचीच पडली असणार. मूळ शेजाऱ्याच्या दंडावर अर्थातच नाही.

चौकट
मग नव्या थरावर हलका पिवळा ब्रश, थर `Soft Light` वर, अगदी फिकट. दंडाच्या त्या कडेपुरताच.

सुरमई
एवढं कोण बघतं भिंतीवर? मी सोडून दिलं असतं.

मैदानवाली
मी केलं. दंडाची कड एकदम आत बसली. केसांच्या कडेला डाव्या कानामागे अजून फिकट रेघ दिसते, मास्क तिथे एक पिक्सेल आत घेतेय. १८ x १२ इंचात छापायचा आहे, नमुना उद्या येईल.

धूळपाटी
माझा माणूस गेला, पण झाडाला एकसारखी दोन खोडं आली. कुणी सांगेल का?