मदत हवी आहे: कथेतल्या सोनाराचं नुकसान नेमकं कुठे होतं?

रानजाई
एक कथा लिहितेय आणि एका जागी अडलेय. काळ एप्रिल २०१३, गाव विटा. सोनाराचं दुकान वडिलांपासूनचं, कारागीर एकच. ११ एप्रिलला गुढीपाडवा होता. मुहूर्तावर त्याने लग्नांच्या ऑर्डरी घेतल्या, भाव बांधून दिला, थोडा विसार घेतला. दुसऱ्याच दिवशी जगभर सोनं घसरायला लागलं आणि सोमवारी, १५ तारखेला, पार कोसळलं. दहा ग्रॅमला २९ हजारांच्या वर असलेला भाव काही दिवसांत २६ हजारांच्या घरात आला. मग एकेक गिऱ्हाईक ऑर्डर रद्द करायला येतं.

इथपर्यंत लिहून झालंय. पण त्याचं किती जातं आणि कशात जातं, हे मला कळत नाहीये. ते न कळता त्याची घालमेल लिहिली तर खोटी वाटेल. विसार त्याच्याकडेच आहे, दागिनाही आहे. तो दुसऱ्याला विकता येत नाही का? कथेत ४० ग्रॅमच्या पाटल्यांची जोडी आहे, विसार पाच हजार.

निफ्टीवाला
त्याने एमसीएक्सच्या वायदे बाजारात सोनं विकून ठेवायला हवं होतं. छोटे सौदेही असतात. भाव पडला की तिकडे फायदा, इकडचा तोटा भरून निघाला असता.

मीनल_प
आमच्याशी अगदी असंच झालं हो. नणंदेच्या लग्नासाठी भाव बांधला होता, मग भाव उतरला. दुकानदार म्हणाला, ठरलेल्या भावानेच घ्या, नाहीतर विसार विसरा. ताई, तुमच्या सोनाराने तुम्हाला पावती दिली होती का? तक्रार करता येते.

रानजाई
मीनलताई, मी गिऱ्हाईक नाही, कथा लिहितेय. पण तुम्ही तेव्हा दुकानात जाऊन काय बोललात, ते सांगाल का?

मीनल_प
अगं हो, नीट वाचलंच नाही मी. भाव उतरला म्हणून नको, असं कुणी तोंडावर म्हणत नाही. सासूबाई म्हणाल्या, मुलाकडच्यांना पाटल्यांऐवजी बांगड्या हव्यात. विसार सोडला आणि पुढच्या पेठेत आजच्या भावाने घेतल्या.

विटेकर
आमचं घराणं गलाईतलं, सोनं गाळून शुद्ध करणाऱ्यांचं, म्हणून सांगतो. आधी हे ठरवा की ऑर्डर घेतल्यावर त्याने सोनं उचललं की नाही. भाव बांधून सोनं घेतलंच नसेल, तर ऑर्डर रद्द झाल्याने त्याचं काहीच जात नाही. पण सरळ माणूस त्याच दिवशी व्यापाऱ्याकडून चोख सोनं घेतो, कारण भाव चढला तर बांधलेल्या भावात दागिना देणं जड जातं. म्हणजे यात सचोटीने वागणाराच अडकतो.

तुमच्या ४० ग्रॅमच्या पाटल्या बावीस कॅरेटच्या धरल्या, तर चोख लागलं साधारण ३६.७ ग्रॅम. ग्रॅममागे ३०० रुपये उतरले की ११ हजार गेले. विसाराचे पाच हजार ठेवून घेतले तरी सहा हजार अंगावर येतात. वर कारागिराची मजुरी आणि कामातली घट. अशा चार-पाच ऑर्डरी धरा, की गावातल्या दुकानाचा हंगाम गेला.

विकता जरूर येतात. त्या दिवसांत दुकानं ओस नव्हती, स्वस्त झालं म्हणून झुंबड होती. पण नवं गिऱ्हाईक आजच्या भावानेच पैसे देणार. शिवाय पाटल्या मापाच्या असतात, भलत्या मनगटाला बसत नाहीत. मोडून आटवल्या तर घडणावळ वाया आणि जोडाला लावलेल्या डाखामुळे लगडीचा टंच, म्हणजे शुद्धताही थोडी उतरते.

निफ्टीवाला, ऑर्डर पक्की धरून त्याने सोनं घेतलंय, मग वायद्यात पुन्हा विकायचं कशासाठी? भाव चढून गिऱ्हाईक ठरल्या भावाने दागिना घेऊन गेलं असतं, तर वायद्यातला तोटा याच्याच गळ्यात.

निफ्टीवाला
हे पटलं. पण ऑर्डर रद्द होतेय असं शुक्रवारी कळलं असतं, तर तेवढंच विकून सोमवारची घसरण वाचली असती की.

विटेकर
कळलं असतं तर, हो. गिऱ्हाईक येतं तेव्हा भाव उतरून गेलेला असतो.

रानजाई
काका, फार उपयोग झाला. त्याच्याकडे रोख नव्हती, सोनं उधारीवर आणलं असं दाखवलं तर?

विटेकर
मग सगळं उधारी कशी लिहिली यावर आहे. ती वजनात असेल, तर त्याने पाटल्या आटवून, घट पदरची घालून चोख सोनं परत करावं. फक्त मजुरी आणि घट जाते, विसारात बरंचसं निभावतं. उधारी रुपयांत असेल, तर देणं जुन्या भावाचं आणि हातात सोनं नव्या भावाचं.

कृष्णाकाठ
वजनी उधारी जुन्या ओळखीवरच मिळते. भाव इतका उतरल्यावर व्यापारी ऐनवेळी 'माझे तर रुपये लिहिलेत' म्हणाला, तर छोटा सोनार काय करणार?

विटेकर
असा व्यापारी मी पाहिलेला नाही, पण नसेलच असं म्हणत नाही. रानजाई, कथेत चिठ्ठी दाखवा. नुसतं '३६.७०० चोख' लिहिलं असेल तर वजनी उधारी. पुढे भाव लावून रक्कम ओढली असेल तर रुपयांची.