मार्चअखेरपर्यंतचे दिवस मोजताना पहिला दिवस धरायचा की सोडायचा?

सुनीता, डोंबिवली: आमच्या सोसायटीच्या इमारतीचा विमा १५ नोव्हेंबर २०२५ ते १४ नोव्हेंबर २०२६ असा आहे. हप्ता ३६,५०० रुपये, एकरकमी भरला. ३१ मार्चला हिशेब बंद करताना यातला या वर्षाचा खर्च किती आणि पुढच्या वर्षाचा आगाऊ भरलेला किती, हे दिवसांवर काढायचे आहे. वजाबाकी केली तर १३६ दिवस येतात, ऑडिटर १३७ म्हणतात. कोणाचे धरायचे? आणि कोणतीही तारीख टाकली की मार्चअखेरपर्यंतचे दिवस देईल असे एक्सेलचे सूत्र हवे आहे.

विनायक, सांगली: १३६ बरोबर. ‘उरलेले’ दिवस म्हणजे आजच्या नंतरचे. ३१ मार्चला संध्याकाळी कोणी विचारले की वर्षाचे किती दिवस उरले, तर आपण शून्य म्हणतो, एक म्हणत नाही. बँकेतही व्याज असेच मोजतात: ठेव ठेवली तो दिवस धरला तर काढली तो धरत नाहीत. दोन्ही टोके धरली की एक दिवस फुकट वाढतो. एका तारखेतून दुसरी वजा करायची, जे येईल ते उत्तर. त्यात एक मिळवायचे काही कारण नाही.

रेश्मा, पिंपरी: विनायककाका, ठेवीचे तुमचे म्हणणे मान्य आहे, पण विमा ठेवीसारखा मोजता येत नाही. विम्याच्या कागदावर दोन्ही तारखा आतल्या असतात. १४ नोव्हेंबरला रात्री अकराला आग लागली तरी दावा चालतो, म्हणजे शेवटचा दिवस आत आहे. मग पहिलाही आतच हवा, नाहीतर वर्ष भरत नाही.

सुनीताताईंचाच आकडा घेऊन बघा. नोव्हेंबरचे १५ ते ३० असे १६, डिसेंबर ३१, जानेवारी ३१, फेब्रुवारी २८, मार्च ३१. बेरीज १३७. पुढच्या वर्षातले एप्रिल ते ऑक्टोबर २१४ आणि नोव्हेंबरचे १४, म्हणजे २२८. दोन्ही मिळून ३६५. आता विनायककाकांच्या पद्धतीने १३६ घेतले, तर १३६ आणि २२८ मिळून ३६४ होतात. एक दिवस कुठल्याच वर्षात नाही. रोजचा विमा शंभर रुपयांचा आहे, म्हणजे शंभर रुपये ना खर्चात ना आगाऊ खात्यात. खर्च १३,७०० आणि आगाऊ २२,८०० लिहा, ताळा बसतो.

सूत्र असे, तारीख A2 मध्ये आहे असे धरून:

```
=DATE(YEAR(A2)+(MONTH(A2)>3),3,31)-INT(A2)+1
```

महिना मार्चच्या पुढचा असेल तर वर्षअखेर पुढच्या सालात, नाहीतर त्याच सालात, एवढेच यात आहे. INT मुद्दाम घातले आहे. काही सॉफ्टवेअरमधून येणाऱ्या तारखेला वेळ चिकटलेली असते, मग उत्तर १३६.४ असे काहीतरी येते.

नीलेश, नागपूर: एवढे लांबलचक कशाला? आमच्याकडे कित्येक वर्षे हेच चालते:

```
=DATE(YEAR(A2)+1,3,31)-A2+1
```

१५ नोव्हेंबर टाकून बघा, १३७ च येते.

रेश्मा, पिंपरी: नोव्हेंबरला येईलच. यात १ जानेवारी २०२६ टाका. ४५५ येईल, कारण ते ३१ मार्च २०२७ पर्यंत मोजते. खरे उत्तर ९० आहे. एप्रिल ते डिसेंबर हे सूत्र बिनबोभाट चालते आणि जानेवारीत बिघडते, तेही नेमके सगळे वर्षअखेरीच्या घाईत असताना. ओळखायची खूण सोपी आहे: उत्तर ३६६ च्या वर गेले की सूत्र चुकले. शीटवर चार तारखा कायम ठेवा: १ एप्रिल, ३१ डिसेंबर, १ जानेवारी, ३१ मार्च. चालू वर्षासाठी उत्तरे ३६५, ९१, ९० आणि १ यायला हवीत.

आणि अखेरच्या हिशेबात तारखेच्या जागी TODAY() अजिबात नको. जूनमध्ये ऑडिटरने फाइल उघडली की सगळे आकडे जूनचे होतात आणि छापलेला ताळेबंद एक सांगतो, फाइल दुसरे.

अर्चना, जि.प. लेखा विभाग: पण हे दिवस घेऊन करायचे काय? मार्चमध्ये आमच्या टेबलावर प्रश्न एवढाच असतो की बिल कोषागारात द्यायला कामाचे दिवस किती. कॅलेंडरने सात दाखवले तरी त्यात रविवार, सुट्टी, दुसरा-चौथा शनिवार वजा जातो. निधी ३१ मार्चला परत जातो, बीम्स या सरकारी निधीवाटपाच्या प्रणालीवर शिल्लक दिसली तरी उपयोग नाही. सुनीताताई, तुम्ही NETWORKDAYS वापरा.

रेश्मा, पिंपरी: अर्चनाताई, तुमच्या कामाला ते बरोबर आहे, फक्त NETWORKDAYS सगळेच शनिवार-रविवार वगळते. तुमचे कोणते शनिवार चालू असतात त्याप्रमाणे ते जुळवावे लागेल. इथे मात्र विमा रविवारीही चालू असतो, म्हणून सगळे दिवस मोजायचे.

अर्चना, जि.प. लेखा विभाग: हो, मी बिलांच्या मुदतीचे समजले होते. तरी एक सांगते, सुट्टीचाही भरवसा नसतो. २०२४ साली ३१ मार्च रविवारी आला होता आणि सरकारी व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने बँका उघड्या ठेवायला लावल्या होत्या. सूत्रात हे बसत नाही, परिपत्रकच बघावे लागते.

मिलिंद, कर सल्लागार, ठाणे: विम्याच्या शंभर रुपयांवर एवढा वाद, पण एका दिवसाचे वजन बघायचे असेल तर घसाऱ्याकडे बघा. आयकरात त्या वर्षी घेतलेली मालमत्ता १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्माच मिळतो. माझ्या एका छापखानेवाल्या अशिलाने चार लाखांचे यंत्र घेतले. दर १५ टक्के, म्हणजे पूर्ण घसारा ६०,००० आणि निम्मा ३०,०००. यंत्र ३ ऑक्टोबर २०२५ ला चालू झाले. तो दिवस धरून ३१ मार्चपर्यंत बरोबर १८० दिवस भरतात. विनायकरावांच्या पद्धतीने १७९ भरतील आणि अशिलाची ३०,००० ची वजावट पुढे ढकलली जाईल. ज्या दिवशी यंत्रावर काम निघाले तो वापराचा दिवस आहे, तो सोडायचा कोणत्या न्यायाने?

इथे लोक आणखी दोन ठिकाणी अडखळतात. एक, बिलाची तारीख पुरत नाही, यंत्र वापरात आल्याची तारीख लागते. आम्ही पहिल्या कामाचे जॉब कार्ड आणि वीज जोडणीचा कागद जपून ठेवायला सांगतो. दोन, २९ फेब्रुवारी. २०२३-२४ मध्ये ४ ऑक्टोबरला सुरू केलेले यंत्रही १८० दिवसांत बसत होते, कारण त्या आर्थिक वर्षात २९ फेब्रुवारी २०२४ होता. आता २०२७-२८ मध्ये पुन्हा तसे होईल. काही जण २०२४ लीप साल म्हणून २०२४-२५ ला ३६६ दिवस धरतात. ते वर्ष ३६५ चेच होते, जास्तीचा दिवस त्याच्या आधीच्या वर्षात गेला. रेश्मा यांच्या सूत्रात हे आपोआप सांभाळले जाते. हाताने ३६५ लिहून भागणाऱ्यांनी जपायचे.

विनायक, सांगली: घसाऱ्याचे पटले, तिथे वापर महत्त्वाचा. पण विम्याचे अजून पटत नाही. माझ्या गाडीच्या पॉलिसीवर सुरुवातीला दुपारी ३ वाजून ४० मिनिटे अशी वेळ छापली आहे आणि शेवट मध्यरात्री. पहिला दिवस जेमतेम आठ तासांचा. तो पूर्ण दिवस म्हणून खर्चात टाकणे मला बरोबर वाटत नाही.

रेश्मा, पिंपरी: आठ तास असले तरी ते कुठल्या तरी वर्षात टाकायलाच हवेत, आणि ते याच वर्षातले आहेत. पहिला दिवस सोडला तर त्याचे पैसे उरलेल्या ३६४ दिवसांवर पसरवावे लागतील, मग रोजचा दरही बदलेल. तसे सुसंगतपणे केले तर माझी हरकत नाही. १३६ घेऊन भागाकार मात्र ३६५ ने करायचा, हे चालणार नाही.

प्रभाकर, निवृत्त लेखापाल, रत्नागिरी: सुनीताताई, मी वेगळेच सांगतो. महिन्यांवर करा. साडेचार महिने झाले, हप्त्याला बाराने भागून साडेचार पट: १३,६८७ रुपये ५० पैसे. दिवसांच्या उत्तरात आणि यात साडेबारा रुपयांचा फरक आहे. चाळीस सदनिकांच्या सोसायटीत साडेबारा रुपयांसाठी लीप वर्ष आणि सूत्रे कशाला? सभासदांना समजेल अशी पद्धत ठेवा आणि दरवर्षी तीच चालवा.

मिलिंद, कर सल्लागार, ठाणे: प्रभाकरराव, १५ तारखेला महिना बरोबर अर्धा पडतो म्हणून फरक साडेबाराचा आला. पॉलिसी २४ तारखेला सुरू झाली तर महिना अर्धा धरणार की पाव? तिथे प्रत्येक खजिनदार आपापले धरतो आणि दरवर्षी तीच पद्धत राहत नाही. दिवसांवर केले की हा निर्णयच घ्यावा लागत नाही.

प्रभाकर, निवृत्त लेखापाल, रत्नागिरी: पंधरा तारखेच्या आधी सुरू झाली तर पूर्ण महिना, पंधरापासून पुढे सुरू झाली तर अर्धा, असे ठराव करून लिहून ठेवले की झाले. लहान संस्थेला तेवढे पुरते. मी माझ्या मतावर ठाम आहे.

सुनीता, डोंबिवली: विम्याचे १३७ च ठेवते, दोन्ही वर्षांची बेरीज ३६५ यायला हवी हे समितीला समजावता येईल. पण लिफ्टच्या देखभालीच्या करारावर ‘१५/११/२०२५ पासून १५/११/२०२६ पर्यंत’ असे आहे. दोन्ही तारखा धरल्या तर ३६६ दिवस होतात, आणि मध्ये २९ फेब्रुवारीही नाही.

मिलिंद, कर सल्लागार, ठाणे: इथे मात्र विनायकरावांचे म्हणणे लागू पडते. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमाच्या कलम ९ मध्ये केंद्रीय कायद्यांसाठी नियमच आहे: ‘पासून’ म्हटले की पहिला दिवस वगळला जातो आणि ‘पर्यंत’ म्हटले की शेवटचा धरला जातो. खाजगी कराराला ते कलम थेट लागत नाही, पण वाचायची रीत तीच. तसे केले तर या वर्षात १६ नोव्हेंबरपासून १३६ दिवस आणि पुढच्या वर्षात २२९.

रेश्मा, पिंपरी: मी आधी मागच्या वर्षीचा करार काढून बघेन. तो १५/११/२०२५ ला संपत असेल तर तो दिवस आधीच त्या करारात मोजला गेला आहे, म्हणून नवा १६ पासून. पण मागचा १४ ला संपला असेल, तर १५ ला लिफ्ट बंद पडल्यावर माणूस कोणत्या करारात आला? मग पहिला दिवस धरून शेवटचा सोडावा लागेल.

सुनीता, डोंबिवली: मागचा करार वेगळ्या ठेकेदाराचा होता, १० नोव्हेंबरला संपलेला. मध्ये चार दिवस करारच नव्हता.

विनायक, सांगली: मग १५ तारखेला सेवा मिळाली का, ते लिफ्टच्या खोलीतल्या भेट-नोंदवहीत बघा. पैसे किती तारखेला भरले ते नको.

मिलिंद, कर सल्लागार, ठाणे: नोंदवहीत १५ ची भेट असली तरी मी कलम ९ च्या रीतीनेच जाईन, कराराचे शब्द तसे आहेत. करार नेमका कोणत्या दिवसापासून धरायचा याचे ठेकेदाराकडून एका ओळीचे पत्र घेता आले तर मात्र तेच चालवा.