मदत हवी आहे: कथेतलं ‘लागली’ कसं कमी करू?

कथेचा दुसरा खर्डा तपासतेय. जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात ‘लागली’ आहे: रडू लागली, चालू लागली, आवरू लागली. ‘रडू लागली’च्या जागी ‘तिला रडू फुटलं’ नेमकं बसलं. अडलंय ते ‘ती भांडी आवरू लागली’पाशी. ‘तिने भांडी आवरली’ केलं तर काम तिथेच संपतं, आणि पुढच्या वाक्यात सासूबाई आत येतात तेव्हा भांडी ओट्यावरच हवीत. ‘आवरत होती’ म्हटलं की ती आधीपासूनच आवरतेय असं वाटतं. ‘आवरायला घेतली’ मला पटतंय, पण तेच सगळीकडे वापरलं तर नवी सवय लागेल. नुकतं सुरू झालेलं, अर्धवट राहिलेलं काम दाखवायला तुम्ही आणखी कोणती क्रियापदं वापरता? की अशा वेळी वाक्याची रचनाच बदलता?