मदत हवी आहे: आठवीचा गणित प्रकल्प, "दैनंदिन जीवनातील आकृतिबंध"

शेवंती_७
मंडळी, लेक आठवीत आहे, स्टेट बोर्ड, सेमी. गणिताच्या प्रकल्पाला वरचा विषय आलाय आणि सोमवारी द्यायचाय, आज बुधवार. आठ पानं आणि एक चार्ट. सरांनी वर्गात आधीच सांगून टाकलंय की सूर्यफूल आणि शंखाची चित्रं चिकटवून आणलीत तर परत पाठवीन, कारण दरवर्षी तेच येतं आणि कोणी एक बीसुद्धा मोजलेली नसते. म्हणजे घरातलंच काहीतरी पाहिजे जे तिने स्वतः मोजलंय, काढलंय, आणि ज्याच्यात आठवीचं गणित आहे. आम्ही फरशीपर्यंत पोचलो पण आमच्याकडे चौकोनी पांढऱ्या टाइल्स, त्यात लिहिणार काय? तिला चित्रकला बरी येते, बीजगणिताचा कंटाळा. विषय सुचवा प्लीज. तयार पीडीएफ नकोय.

बाल्कनीवाला
टाइल्सच घ्या की. आम्ही गेल्या वर्षी बाल्कनीत षटकोनी टाइल बसवली, दिसायला झकास पण कडेला इतकी कापाकापी झाली की दीड पेटी वाया. गवंडी म्हणाला साहेब चौकोनी घेतली असती तर हे झालं नसतं. मधे एक निळी टाइल, तिच्याभोवती ६ पांढऱ्या, त्याच्याभोवती १२ करड्या असं फूल केलंय. तुम्ही जागेचं माप दिलंत तर अंदाजे किती लागतील सांगतो.

शेवंती_७
@बाल्कनीवाला अहो टाइल बसवायची नाहीये, प्रकल्प आहे :) पण १, ६, १२ हे मजेशीर आहे, पुढे १८ येतात का?

ओसरी
येतात. ताई, तुमच्या घरात ठिपक्यांची रांगोळी कोणी काढतं का? मग टाइलला हात लावायची गरज नाही, तीच गोष्ट रांगोळीत आहे आणि मोजायला फुकट.

रांगोळीच्या वहीत वर लिहिलेलं असतं बघा, "१५ ते ८", "७ ते ४". म्हणजे मधल्या ओळीत ७ ठिपके, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत ४ पर्यंत यायचं, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत. मुलीला आधी एवढंच विचारा की ७ ते ४ ला एकूण ठिपके किती. ती ओळीने बेरीज करेल, ४+५+६+७+६+५+४, ३७ येतील. मग ३ ते २, ५ ते ३, ९ ते ५ काढायला सांगा. ७, १९, ६१. नुसता एक ठिपका पण धरा. १, ७, १९, ३७, ६१. आता दोन शेजारच्या आकड्यांतला फरक घ्या: ६, १२, १८, २४. ही बाल्कनीवाल्यांची टाइल झाली, मधला एक आणि भोवती कडी, प्रत्येक कड्यात आधीपेक्षा ६ जास्त, कारण बाजू ६ आहेत आणि प्रत्येक बाजूला एक ठिपका वाढतो.

हे पहिलं पान. पुढचं तिने स्वतः शोधलं तर मजा, पण अडली तर विचारा.

चकली_तुटली
अरे वा, यात एक भारी गोष्ट आहे, ७, १९, ३७, ६१ सगळ्या मूळ संख्या आहेत!! रांगोळीत नेहमी मूळ संख्याच येतात हे प्रकल्पाचं शीर्षक करा, सर खूश.

ओसरी
@चकली_तुटली एक पाऊल पुढे जा. ११ ते ६ घ्या, ९१ ठिपके, आणि ९१ म्हणजे ७ गुणिले १३. मोडलं. त्याच्या पुढची १३ ते ७ घेतली तर १२७, परत मूळ. त्याच्या पुढची १५ ते ८, १६९, म्हणजे १३ चा वर्ग. पण हे प्रकल्पात जरूर घाला ताई, "आम्हाला असं वाटलं होतं, सहाव्या रांगोळीला चुकलं" असं प्रामाणिकपणे लिहिलं तर मी मास्तर असतो तर जास्त मार्क दिले असते.

चकली_तुटली
बरं बाबा ९१ चुकलं. पण चार तर बरोबर होत्या ना :D

शेवंती_७
ओसरी काका (काकाच ना? नसाल तर माफ करा), रात्री साडेनऊला लेक उठून वही घेऊन बसली. सासूबाईंची जुनी रांगोळीची वही निघाली, त्यात २१ ते ११ पर्यंत आहेत. आता ती म्हणते दर वेळी ओळी मोजत बसायचं का, सूत्र असेल ना.

ओसरी
काका चालेल.

आहे, आणि ते न पाठ करता रंगवून मिळतं. ७ ते ४ काढा. मधला ठिपका काळा करा, त्याला बाजूला ठेवा. षटकोनाला सहा कोपरे, त्यातले एक सोडून एक असे तीन धरा आणि मधल्या ठिपक्यापासून त्या तिघांपर्यंत रेघ मारा. षटकोनाचे तीन सारखे तिरके चौकोन झाले, समभुज चौकोन. गडबड इथे होते: रेघेवरचे ठिपके नक्की कोणाचे? पोरं ते दोन्हीकडे मोजतात आणि ३७ च्या जागी ४६ येतात. म्हणून नियम करायचा, प्रत्येक रेघ तिच्या उजवीकडच्या चौकोनाची. मग लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग भरा. प्रत्येक रंगाचे ठिपके ३ ओळी, ओळीत ४, म्हणजे १२. तीन रंग, ३६. अधिक मधला काळा, ३७. आता "७ ते ४" मधला ४ बघा, टोकाच्या ओळीतला. त्या ४ ला त्याच्याहून एक कमी ३ ने गुणलं, तिप्पट केली, एक मिळवला. १५ ते ८ ला ८ गुणिले ७, ५६, तिप्पट १६८, अधिक १. वहीतल्या २१ ते ११ ला तिला ओळी न मोजता करू दे, ३३१ आले पाहिजेत.

मोरपंखी
मी रांगोळी शिकवते म्हणून एक गोष्ट सांगते जी गणितवाले विसरतात. कागदावर ठिपके काढताना सगळे ओळींमधलं अंतर आणि ठिपक्यांमधलं अंतर सारखं ठेवतात, २ सेंमी आणि २ सेंमी, आणि मग षटकोन उभा ताणल्यासारखा दिसतो, सहा पाकळ्यांचं कमळ काढलं की वरच्या खालच्या पाकळ्या लांबट. ठिपके २ सेंमीवर असतील तर ओळी पावणेदोनपेक्षा किंचित कमी, १.७ सेंमीवर पाहिजेत. पट्टीने तपासा: वरच्या ओळीतल्या ठिपक्यापासून खालच्या तिरक्या ठिपक्याचं अंतर पण २ च आलं पाहिजे, तुम्ही ओळी २ वर घेतल्या असतील तर ते २.२ येईल. ट्रेसिंग पेपरवर ठिपके गिरवून मधल्या ठिपक्यावर टाचणी टोचून साठ अंश फिरवा, बरोबर असेल तर ठिपक्यावर ठिपका बसतो, नसेल तर लगेच कळतं.

आमची आजी कागदाला उदबत्तीने भोकं पाडायची आणि त्यावर रांगोळी पसरली की खाली ठिपके. त्यासाठी जुन्या कॅलेंडरचं पान घ्या, पेपर घेतला तर भोक पसरत जातं.

रानवारा
दिवाळीसाठी १५ ते ८ ची सोपी मोराची रांगोळी आहे का कोणाकडे? फोटो टाका.

ओसरी
@मोरपंखी हे मला सुचलंच नसतं, आणि पायथागोरसचं पान पण यातूनच निघालं, १.७ आणि २.२ दोन्ही त्यानेच काढता येतात. सममितीचं पान तुमच्या टाचणीवर संपतं.

ताई आता शेवटचं, बाकी तिच्यावर. घरात रुबिक क्यूब असेल तर एक कोपरा डोळ्यासमोर येईल असा धरा. एका वेळी तीन बाजू दिसतात. दिसणारे छोटे ठोकळे मोजा, रंगाचे चौकोन नाही, ठोकळे. चौकोन २७ आहेत पण कडेचे ठोकळे दोन बाजूंना दिसतात, कोपऱ्याचा तिन्हीकडे. ठोकळे १९. आणि ५ ते ३ ची रांगोळी? १९. क्यूबची बाह्यरेषा त्या कोनातून बघा, षटकोन दिसतो. दिसणारा थर सोलून काढला तर (मनातल्या मनात, स्क्रू ड्रायव्हर नको) आत २×२×२ चा ठोकळा उरतो, ८. म्हणून २७ वजा ८, १९. याचा अर्थ १ + ७ + १९ = २७, आणि ३७ मिळवले की ६४. रांगोळ्या ओळीने मिळवत गेलात तर घन मिळतात. आठवीला घनमूळ आणि विस्तार सूत्रं दोन्ही आहेत, सरांना जोडून दाखवायला आणखी काय पाहिजे.

चकली_तुटली
हे खरंच मोजून बघितलं, १९ आले. पण काका १६९ वर्ग आहे म्हणालात, मग पुढचा वर्ग कधी येतो?

ओसरी
२०९ ते १०५ ची रांगोळी काढा, ३२७६१ ठिपके, १८१ चा वर्ग. मधे एकही नाही. असं का, याचं आठवीतलं उत्तर माझ्याकडे नाही.

बाल्कनीवाला
२०९ ठिपक्यांना अंगण सोडा, सोसायटीचं पार्किंग लागेल.

मोरपंखी
एक शंका. आमच्याकडे १५ ते ५ पण काढतात, त्याला हे सूत्र लागत नाही ना? फिरवली तर बसत नाही ती.

ओसरी
लागत नाही. ती अर्ध्या फेरीतच बसते, साठ अंशात नाही, कारण बाजू सारख्या नाहीत. मोजायला वेगळी युक्ती: १५ ते १ काढली तर पूर्ण १५ चा वर्ग, २२५. वर-खाली ५ च्या पुढचे ४, ३, २, १ काढून टाका, दोन्हीकडे १०-१०. उरले २०५. आणि ही युक्ती १५ ते ८ ला पण चालते, करून बघा. यातली कुठली पद्धत प्रकल्पात घ्यावी यावर माझंच मन ठरत नाही, ही जास्त ठिकाणी लागते पण तीन रंगांची दिसायला सुंदर.

शेवंती_७
अपडेट. लेकीने तीन रंगांची घेतली, चार्टवर ९ ते ५ काढली. कॅलेंडरच्या पानावर उदबत्तीने ७ ते ४ ची भोकं पण पाडली (मी शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते), पाटावर रांगोळी पसरली आणि मोजले तर ३६! दोनदा मोजले, ३६. ती रडकुंडीला, सूत्र चुकलं म्हणे. मग तीन रंगांप्रमाणे मोजायला लावलं, लाल १२, पिवळे १२, हिरवे ११. हिरव्यात कडेची दोन भोकं जळून एक झाली होती. ते पान फेकायला निघाली होती, मी म्हटलं तेच चिकटव.

१५ ते ५ वालं तिने वाचलंय, पण आता म्हणते १४ ते ७ घेतली तर काय होईल. मला विचारू नका, मी स्वयंपाकाला चालले.