मदत हवी आहे: एकाच फोटोवरून वॉलपेपर आणि २४ × ३६ इंची पोस्टर

मंडळी, सोलापूरच्या सिद्धेश्वर मंदिराचा तळ्यापलीकडून काढलेला आडवा फोटो आहे, ४:३ चा. तो रेफरन्स देऊन एआय टूलकडून चित्ररूप करून घेतोय.

मोबाइलची स्क्रीन १०८० × २४००, म्हणजे ९:२०. नुसतं 'फोन वॉलपेपर' लिहिलं तर मंदिर कडेला कापलं जातं किंवा उंची भरायला टूल मनानेच जादा शिखरं उभी करतं. 'मंदिर खालच्या अर्ध्या भागात पूर्ण दिसू दे, वर मोकळं आकाश, खाली तळ्याचं पाणी' असं लिहिल्यावर घड्याळाला जागा मिळते, पण पायऱ्या अजूनही बदलतात. रेफरन्सलाच आधी वर-खाली कोरी जागा जोडून द्यावी का?

पोस्टरचं दुखणं वेगळं. गुणोत्तर २:३ निवडलं की चौकट बरोबर येते, पण फाइल १०२४ × १५३६ पिक्सेलचीच मिळते. २४ इंच रुंदीवर ते इंचाला जेमतेम ४३ पिक्सेल! प्रॉम्प्टमध्ये '३०० डीपीआय' किंवा '4K' लिहून पिक्सेल वाढत नाहीत, फक्त कडा उगाच धारदार दिसतात. म्हणून ते शब्द काढले आणि चौपट अपस्केल केलं: ४०९६ × ६१४४, इंचाला साधारण १७०. भिंतीवर लांबून बघायला एवढं चालावं. पण शिखरावरचं कोरीवकाम मेणासारखं गुळगुळीत झालंय.

अशा वेळी तुम्ही शिखराचा भाग वेगळा करून घेता, की प्रॉम्प्टमध्ये दगडाचा पोत सांगता? ज्यांनी प्रत्यक्ष प्रिंट काढलीय त्यांनी कृपया सांगा.