टायटलच्या आधीच घंटा वाजवायची का?

वाळूघड्याळ:
माझा 16 मिनिटांचा माहितीपट जवळपास कापून झालाय. एक वयस्कर ओतारी आपली शेवटची मोठी घंटा ओततात. साचा फोडून ती बाहेर काढतात, लाकडी हातोडीने ठोकून बघतात आणि आवाज येतो तो बद्द. तडा गेलाय. एका कटमध्ये हाच प्रसंग टायटलच्या आधी घेतलाय, 50 सेकंद: साचा फुटतो, ठोका, बद्द आवाज, ते खाली बसतात. मग टायटल आणि मग माती मळण्यापासून सरळ क्रमाने. दुसऱ्या कटमध्ये कोल्ड ओपन नाहीच. बघणाऱ्यांत निम्मे इकडे, निम्मे तिकडे. कुठला ठेवू?

काटछाट:
दुसरा. पहिल्यात शेवट आधीच हातात देऊन टाकलाय आणि वर म्हणताय, आता पंधरा मिनिटं माती मळताना बघा. टायटलआधी झटका द्यायची ही टीव्हीची सवय. अमेरिकेत साठच्या दशकात मालिकांनी ती सर्रास उचलली, कारण चॅनल बदलायच्या आत माणसाला धरून ठेवायचं होतं. अंधाऱ्या हॉलमध्ये येऊन बसलेला माणूस 16 मिनिटांत कुठे पळून जाणार आहे? त्याला जरा धीर धरू द्या की.

तिसावं_सेकंद:
हॉल कोण बघतंय हो आता? फिल्म शेवटी ऑनलाइनच जाणार. यूट्यूबच्या आलेखात 30 सेकंदांना किती टक्के लोक टिकलेत ते वेगळं काढून दाखवतात, उगाच नाही. माझं मत: पहिला कट, आणि 50 सेकंदही जास्त. 20 करा, खाली जोरकस संगीत टाका, ठोका, आवाज, चेहरा, धाड, टायटल. पहिलं अर्धं मिनिट जिंकलं की फिल्म जिंकली.

मागचा_टेबल:
तिसावं सेकंद, आलेख बघता हे चांगलंच, पण आणखी एक मिनिट पुढे बघत जा. अशा फिल्मचा आलेख मी अनेकदा बघितलाय. टीझर संपेपर्यंत रेषा झकास वर असते आणि टायटल सुरू झालं की कड्यावरून पडावी तशी पडते. कारण टायटलच्या आधी आपण नागडा शेवट दाखवलेला असतो आणि नंतर निर्मात्याचा लोगो, सहनिर्मात्याचा लोगो, सावकाश उमटणारं नाव. माणूस म्हणतो, कळलं, घंटा फुटली, पुढे? आणि जातो. टीझरने जे कमावलं ते टायटलने घालवलं. लोगो अगदी सुरुवातीला, कोल्ड ओपनच्याही आधी, किंवा सरळ शेवटी टाका. टायटल म्हणजे फक्त नाव, चार सेकंद, बास.

आता वाळूघड्याळ, तुमच्या प्रश्नाकडे. कोल्ड ओपन ठेवायचं की नाही हे मागाहून ठरतं. आधी ठरतं ते हे की प्रेक्षकाने पंधरा मिनिटं कशाची वाट बघायची. तुमच्या 50 सेकंदांत प्रश्नही आहे आणि उत्तरही. हातोडी वर जाते तो प्रश्न. बद्द आवाज येतो ते उत्तर. ते खाली बसतात ते उत्तरावरचं भाष्य. टीझरला यातलं पहिलंच लागतं. हातोडी वर गेली की कापा. मग माती मळतानाही बघणाऱ्याच्या डोक्यात एकच राहील, वाजणार का?

गंधार:
माझ्या मते टीझर दीड-दोन मिनिटांचा चालतो, फक्त त्यात नाव दोनदा यायला हवं आणि शेवटी तारीख. आमच्या ग्रुपने तसाच केला होता, बराच शेअर झाला.

मागचा_टेबल:
गंधार, तुम्ही प्रचाराच्या टीझरबद्दल बोलताय. इथे फिल्मच्या आतलाच पहिला तुकडा, टायटलच्या अगोदरचा.

गंधार:
अच्छा, मग माझं सोडा.

वाळूघड्याळ:
हातोडीवर कापायचं हे पटतंय. पण अडचण अशी की माझ्याकडे एकच कॅमेरा होता. तो सगळा प्रसंग एकाच सलग शॉटमध्ये आहे, पावणेदोन मिनिटांचा. वाळू झटकणाऱ्या हातांपासून सुरू होतो, वर जात हातोडीवर येतो, ठोका, ओताऱ्यांचा चेहरा, आणि मग कॅमेरा बाजूला सरकून मागे उभ्या मदतनिसावर. तोच तुकडा सुरुवातीला वापरला तर चौदाव्या मिनिटाला लोक म्हणणार, हे तर बघितलंय.

काटछाट:
म्हणणारच. माझा मुद्दा तोच आहे. एकुलता एक शॉट, त्याची पहिली धार तुम्ही टायटलआधीच घालवताय.

मागचा_टेबल:
दुसऱ्यांदा बघताना काही नवीन दिसत नसेल, तरच धार जाते. हा मदतनीस फिल्ममध्ये आधी येतो का? त्याचं काय आहे?

वाळूघड्याळ:
येतो. नवव्या मिनिटाला तो म्हणतो की घंटा अजून दोन दिवस खड्ड्यातच राहू द्या, आतून गरम असणार. ओतारी ऐकत नाहीत, त्यांना घाई आहे. घाईने काढली, बाहेरचा भाग आधी गार झाला, आत ताण राहिला आणि तडा गेला. निदान मदतनिसाचं तरी तेच म्हणणं आहे.

मागचा_टेबल:
मग तुमचं काम झालेलंच आहे. सुरुवातीला शॉटचे फक्त शेवटचे दहा-बारा सेकंद घ्या, ठोक्याच्या आधीचे: वाळूने माखलेले हात, हातोडी उचलणं, एक श्वास. मदतनीस तेव्हा दिसला तरी कोण आहे हे कुणाला माहीत नाही. चौदाव्या मिनिटाला तोच शॉट बराच आधीपासून सुरू करा आणि पूर्ण चालू द्या, मध्ये एकही कट नाही. ते ओळखीचे दहा सेकंद येतील तेव्हा प्रेक्षक हातोडीकडे बघणारच नाही, मागे उभ्या माणसाकडे बघेल. तेच चित्र, पण त्याला आता जास्त ठाऊक आहे. दुसऱ्यांदा दाखवताना शॉट मोठा करून फ्रेम बदलल्याचा आव मात्र आणू नका, ते लगेच कळतं आणि फसवल्यासारखं वाटतं.

आणि टायटलनंतर ‘तीन आठवड्यांपूर्वी’ अशी पाटी लावायचा मोह होईल. नको. पहिलं दृश्य रिकाम्या खड्ड्याचं आणि ओल्या मातीचं ठेवा. घंटा अजून नाहीच म्हटल्यावर काळ मागे गेलाय हे पाटीशिवाय कळतं.

सांजसावली:
मी थोडं वेगळं बोलते. माझ्या पहिल्या माहितीपटात एका बाई मुलाबद्दल बोलता बोलता कोसळतात. संस्थेच्या आग्रहाने ते रडणं आम्ही टायटलआधी टाकलं. फिल्मच्या मध्यात ते आलं असतं तर वीस मिनिटांची ओळख झाल्यावर आलं असतं. पहिल्याच मिनिटाला त्या बाई म्हणजे नुसता एक रडणारा चेहरा. त्यांनी कट बघितला आणि एवढंच विचारलं, ‘मी कोण आहे ते सांगायच्या आधीच?’ आम्ही ते काढलं. वाळूघड्याळ, ते म्हातारे खाली बसतात तो क्षण अशाच जातीचा आहे. त्यांची ओळख व्हायच्या आत त्यांची हार विकू नका.

काटछाट:
हे मला सगळ्यात पटलं. तरी मी म्हणेन, हातोडी उचलणं हीसुद्धा तीच विक्री, फक्त पाकीट सभ्य.

मागचा_टेबल:
नाही. हातोडी उचलणं हे त्यांचं काम आहे, त्यात ते कसबी दिसतात. खाली बसणं ही त्यांची उघडी जागा आहे. दोन्हींत फरक आहे.

उलटा_पिसारा:
सगळे बद्द आवाज लपवा म्हणताय, मी एकटाच दाखवा म्हणतो. म्हाताऱ्यांचा चेहरा नको, सांजसावलींचं मान्य. पण आवाज ठेवा. ‘वाजणार का’ हा प्रश्न उत्सुकतेचा आहे खरा, पण घंटेची फिल्म म्हटल्यावर उत्तर दोनच शक्य, वाजेल किंवा नाही. घंटा फुटणार हे आधीच कळलं तर प्रश्न होतो ‘का फुटली’. मग माती मळणंसुद्धा संशयाने बघितलं जातं. रस ओतताना हात थरथरला का? माती ओली राहिली का? आणि नवव्या मिनिटाला तो मदतनीस ‘दोन दिवस थांबा’ म्हणेल तेव्हा आवाज न ऐकलेल्या प्रेक्षकाला ते साधं संभाषण वाटेल. ज्याने ऐकलाय त्याच्या पोटात गोळा येईल.

मागचा_टेबल:
हे वजनदार आहे. मी सुरुवातीला आवाज सरसकट उडवला, पण तुमच्या मांडणीत तो उत्तर राहत नाही, दुसऱ्या प्रश्नाची सुरुवात होतो. धोका एकच. ‘का फुटली’ असं विचारायला लावलं की उत्तर द्यावं लागतं, आणि इथे उत्तर आहे ते फक्त मदतनिसाचं म्हणणं. ओताऱ्यांचं काय?

वाळूघड्याळ:
ते म्हणतात धातूच खराब होता. मी दोन्ही ठेवलंय, निवाडा दिलेला नाही.

उलटा_पिसारा:
मग तर आवाज हवाच! दोन बाजू आहेत म्हणजे प्रेक्षक पंचाच्या खुर्चीत बसतो.

मागचा_टेबल:
किंवा शेवटी चिडतो, की तपास लावायला बसवलंत आणि निकाल दिला नाहीत. ‘वाजणार का’ने ते ओझं फिल्मवर येत नाही. हे वाद घालून सुटणार नाही, दाखवून बघा. फिल्म न बघितलेले चार-पाच जण एका कटला, तितकेच दुसऱ्या कटला. टायटलनंतर एक मिनिटाने थांबवा आणि एवढंच विचारा, ‘आता कशाची वाट बघताय?’ आवडली का, असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. उत्तरं दोन वेगळ्या फिल्मची येतील. त्यातली तुम्ही केलेली फिल्म कोणती, ते तुम्हालाच माहीत.

काटछाट:
तिसरा गटही बसवा, कोल्ड ओपन नसलेल्या कटला. ते काही म्हणाले नाहीत आणि तरी बसून राहिले, तर?

मागचा_टेबल:
तर तुम्ही जिंकलात. बसवा तिसरा गट, हरकत नाही.

रूमटोन:
मी आवाजाचं काम करतो, म्हणून तेवढंच. हातोडीवर कापणार असाल तर स्पर्शाच्या फ्रेमवर कापू नका. 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. ठोक्याची पहिली टोकदार धार तेवढ्यात सहज मावते. ती चुकून आत राहिली तर टायटलवर जाताना ‘टक्’ ऐकू येतं आणि बद्द की खणखणीत याची चाहूल कान देतो. चित्र स्पर्शाच्या तीन-चार फ्रेम आधी सोडा. आवाज त्याच्याही आधी संपवू नका, त्या जागेची शांतता टायटलखाली चालू राहू द्या, आणि रिकाम्या खड्ड्याचं दृश्य आलं की तिथल्या आवाजात विरघळवा. ट्रॅक तोडून पूर्ण शांतता केली तर लोकांना स्पीकर बंद पडला असं वाटतं. आणि उलटा पिसाऱ्याचा कट करणार असाल तर ठोका चित्राशिवाय ऐकवून बघा, काळ्या पडद्यावर. आधी बद्द आवाज, मग नाव.

वाळूघड्याळ:
काळ्या पडद्यावरचा आवाज डोक्यातच आला नव्हता. त्यात चेहराही वाचतो आणि शॉटही. तीन कट काढतोय: एक हातोडीवर तुटणारा, एक काळ्यावर ठोका, एक काटछाटसाठी. लोगो शेवटी नेले, त्यावरून निर्मात्याचा फोन येऊन गेलाय.