लाईन बदललेल्यांनो, तुमची 'माफी मागणारी' पोस्ट कशी सुधारली? अनुभव लिहा

टिळकवाडीकर_ताई
माझा भाऊ 39 चा, 14 वर्षं उद्यमबागेतल्या फाउंड्रीत क्वालिटीला होता, आता डेटा अ‍ॅनालिस्टचं काम शोधतोय. लिंक्डइनवर टाकायला लिहिलेली पोस्ट मला दाखवली, वाचून वाटलं हा नोकरी मागतोय की उसने पैसे! ज्यांनी हे केलंय त्यांनी आपापलं सांगा. त्याची पोस्ट इथे देते (मूळ इंग्रजीत आहे, मी मराठी केलंय):

"जरी माझं शिक्षण मेकॅनिकल असलं आणि वयही थोडं जास्त असलं, तरी मी गेल्या वर्षी एसक्यूएल आणि पॉवर बीआय थोडंफार शिकलो आहे. प्रत्यक्ष अनुभव नाही, पण शिकायची तयारी आहे. कृपया एक संधी द्यावी."

निपाणीची_मास्तरीण
मी शाळा सोडून ऑनलाइन कोर्स लिहायच्या कामात आले तेव्हा माझी पण अशीच होती. मी जुनं सगळं काढून टाकलं, शाळेचा शब्दसुद्धा नाही ठेवला. नव्या लाईनीत जुनं कशाला मिरवायचं.

वाळू_आणि_साचा
ताई, मास्तरीणबाईंचं हे मला पटत नाही. मी पण फाउंड्रीतूनच इकडे आलोय, 6 वर्षं झाली, आता माणसं घेताना मीच अशा पोस्टी वाचतो. जुनं काढलं की 39 वर्षांचा माणूस 22 वर्षांच्या पोरासमोर रिकाम्या हाताने उभा राहतो. भावाला विचारा, फाउंड्रीत खराब मालाच्या रिजेक्शनचं रजिस्टर कोण लिहायचं?

टिळकवाडीकर_ताई
विचारलं. तोच लिहायचा म्हणे. सोमवारी पहिल्या शिफ्टला पंपाच्या बॉडीत हवेची भोकं, म्हणजे ब्लोहोल, जास्त यायचे, त्यानं 6 महिन्यांचं रजिस्टर एक्सेलमधे घालून वार आणि शिफ्टप्रमाणे लावलं तेव्हा दिसलं. रविवारी वाळू पडून सुकायची आणि सोमवारी मिक्सरवाला अंदाजाने पाणी जास्त मारायचा. मग ओलावा मोजूनच पाणी घालायचं ठरलं. त्या पार्टचं रिजेक्शन 7 टक्क्यांवरनं 4 वर आलं.

वाळू_आणि_साचा
अगा मग हा डेटा अ‍ॅनालिसिस नाही तर काय आहे! आणि पोस्टमधे म्हणे "प्रत्यक्ष अनुभव नाही". ह्यालाच मी माफी म्हणतो. जरी-तरी, थोडंफार, कृपया हे तर काढाच, पण नुसतं काढून भागत नाही, पोकळी राहते. तिथं काम घालायचं. मोबाईलवर "आणखी वाचा"च्या आधी दोन-तीन ओळीच दिसतात, त्याच्या पहिल्या ओळीत वय आणि शिक्षण गेलं तर सोमवारपर्यंत कोण पोचणार? मी अशी लिहीन:

"आमच्या फाउंड्रीत सोमवारी सकाळीच ब्लोहोल का वाढायचे? 6 महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर मी वार आणि शिफ्टप्रमाणे लावलं, कारण वाळूच्या पाण्यात सापडलं. मोल्डिंग शॉपने पाणी मोजून घालायला सुरुवात केली, त्या पार्टचं रिजेक्शन 7 वरून 4 टक्क्यांवर आलं. 14 वर्षं क्वालिटीत काढल्यावर हेच काम आता एसक्यूएल आणि पॉवर बीआयवर करतोय. कारखान्यांच्या डेटाचं काम असेल तर बोलूया."

बघा, पाणी मोल्डिंग शॉपने सुधारलं हे तसंच ठेवलंय. सगळं "मी केलं" लिहिलं की इंटरव्ह्यूत दुसऱ्याच प्रश्नाला माणूस घसरतो. मी स्वतः घसरलोय, पोस्टमधे "डेटा सायंटिस्ट" लिहिलं होतं आणि दोन टेबलं जोडताना लेफ्ट जॉइनमधे ओळी का वाढल्या ते सांगता आलं नाही, कान लाल झाले नुसते.

खानापूर_एक्सप्रेस
आमचे मिस्टर 45 ला बँक सोडून काजूच्या धंद्यात उतरलेत, त्यांनी पोस्ट कन्नडमधे टाकावी का मराठीत? गिऱ्हाईक दोन्हीकडचं आहे.

वाळू_आणि_साचा
वहिनी, ते गिऱ्हाइकाचं झालं, इथं नोकरीचं चाललंय. पण दोन्हीत टाका की.

चिकोडी_नाईट_शिफ्ट
ते 7 आणि 4 टक्के कंपनीचे आकडे आहेत ना? मी असाच आकडा टाकला तर जुन्या साहेबाचा फोन आला, काय करूलायस म्हणून. डिलीट करायला लावली. आता मी "जवळपास निम्म्यावर" असं लिहितो, पार्टचं आणि कस्टमरचं नाव टाकतच नाही.

वाळू_आणि_साचा
हे खरंय, माझ्या ध्यानात नव्हतं. विचारून टाकावं, "पंपाची बॉडी" तर नकोच. पण 7 वरनं 4 ला निम्मं म्हणू नका, "बऱ्यापैकी कमी" म्हणा.

निपाणीची_मास्तरीण
मी पण शाळा परत घातली काल. "सातवीच्या पोरांना अपूर्णांक कुठं अडतात ते 11 वर्षं बघितलंय" अशी सुरुवात केली. आधीच्या पोस्टवर नुसते "ऑल द बेस्ट मॅडम" यायचे, ह्यावेळी एकीने विचारलं, मग तुम्ही धडा कुठून सुरू करता?

टिळकवाडीकर_ताई
भावाला वाचून दाखवलं. "बोलूया" फार आगाऊ वाटतं म्हणतो, "कृपया संपर्क साधावा" करू का विचारतोय. काय सांगू ह्याला?

चिकोडी_नाईट_शिफ्ट
"कृपया" काढ, "संपर्क साधा" ठेव म्हणावं. माझं पण "बोलूया" म्हणायचं धाडस नाही झालं अजून.